पावसाची शक्यता ७० टक्के: आकडा वाचायचा कसा आणि त्यावरून ठरवायचं कसं

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पावसाळाभर दोन तक्रारी आलटून पालटून येतात. एक, “७० टक्के सांगितलं होतं, थेंबही पडला नाही.” दुसरी, “फक्त ३० टक्के होतं, तरी सगळं भिजलं.” दोन्ही वेळा अंदाजाला दोष दिला जातो. बहुतेक वेळा अंदाज ठीक असतो, गोंधळ वाचण्यात झालेला असतो. ७० टक्के म्हणजे सत्तर टक्के भागात पाऊस, सत्तर टक्के वेळ पाऊस, किंवा “बऱ्यापैकी जोरदार” पाऊस, असे तिन्ही अर्थ लोक काढतात, आणि तिन्ही चुकीचे आहेत.

खाली आकडा वाचण्याच्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला लागतं. सगळीकडे एकच उदाहरण घेऊ: नेरूळमधल्या एका सोसायटीला गच्चीवर कोजागिरी करायची आहे, रात्री आठ ते बारा, आणि वर मांडव घालायचा की नाही हे ठरवायचं आहे. उदाहरण कल्पित आहे, पण ऑक्टोबरात असा प्रश्न दर वर्षी कितीतरी गच्च्यांवर पडतो.

## तयारी: अ‍ॅप उघडण्याआधी चार गोष्टी लिहून काढा

१. जागा. “नवी मुंबई” असं मोघम नको. नेरूळ, अमुक सेक्टर, इतकं नेमकं.

२. वेळ. रात्री ८ ते १२. मांडणी संध्याकाळी सहापासून असेल, तर तीही धरा.

३. किती पाऊस तुम्हाला अडवतो. दहा मिनिटांची भुरभुर चालेल, की स्पीकरवर चार थेंब पडले तरी कार्यक्रम बंद?

४. निर्णयाची शेवटची घटका. मांडववाल्याने सांगितलंय, “दादा, आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत कळवा, नंतर बांबू दुसऱ्या साइटवर जातील.” म्हणजे तुमच्यासाठी खरा अंदाज आदल्या दिवशी सकाळचा. चार दिवस आधीचा आकडा बघून कमिटीत वाद घालण्यात अर्थ नाही, तोपर्यंत तो दोनदा तरी बदलेल.

तपासा: चौथी गोष्ट रिकामी राहिली असेल, तर पुढे जाऊ नका. आधी मांडववाल्याला फोन करा.

## पायरी १: आकड्याचं पूर्ण वाक्य करा

थेंबाच्या चित्राशेजारी नुसतं “७०%” दिसतं. ते अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं: “या ठिकाणी, या कालावधीत, मोजता येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता ७० टक्के आहे.” ठिकाण, कालावधी, आणि किमान किती पाऊस, हे तिन्ही तुकडे जोडल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो तिसरा तुकडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येत “पाऊस पडला” म्हणायला इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे साधारण ०.२५ मिलिमीटर पुरतो. इतक्या पावसात रस्ता जेमतेम ओला होतो. आपला भारतीय हवामान विभाग पावसाचा दिवस मोजतो तो २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर. दोन मोजमापांत दहापटीचा फरक आहे. म्हणून एकाच रात्रीसाठी एक अ‍ॅप ७० दाखवेल, दुसरं ४५, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

अ‍ॅपच्या मदत-पानावर हे माप कधी कधी दिलेलं असतं. सापडलं नाही, तर “भुरभुर धरून कुठलाही पाऊस” असं समजून चाला.

खबरदारी: दोन अ‍ॅपचे आकडे बेरीज-भागाकार करून सरासरी काढू नका. दोघांचा प्रश्नच वेगळा असेल, तर सरासरी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही. एक अ‍ॅप निवडा आणि त्याच्याशीच राहा.

## पायरी २: शक्यता आणि जोर वेगळे करा

हा आकडा येतो कुठून ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे तो काय सांगत नाही तेही कळेल.

हवामान केंद्रांमध्ये संगणकावर वातावरणाचं गणित एकदाच करत नाहीत. सुरुवातीची हवा थोडी थोडी बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा करतात, कारण आत्ताची हवा नेमकी कशी आहे हे कुणालाच पूर्ण माहीत नसतं. युरोपच्या केंद्रात अशी ५१ गणितं एका वेळी चालतात. त्यातल्या ३६ गणितांत, नकाशावर तुमची जागा ज्या चौकोनात येते तिथे पाऊस पडला, तर शक्यता साधारण ७० टक्के. मग जुन्या अंदाजांचं काय झालं होतं ते बघून या आकड्यात दुरुस्ती करतात, आणि तो तुमच्या फोनवर येतो.

आता बघा, त्या ३६ गणितांपैकी काहींत २ मिलिमीटर पडला असेल, काहींत ६०. मोजताना दोन्हींना एकच मत. म्हणून ७० टक्क्यांवरून पावसाचा जोर कळत नाही. ९० टक्के शक्यतेचा पाऊस नुसती भुरभुर असू शकतो, आणि २० टक्के शक्यतेचा पाऊस तासाभरात अंडरपास भरू शकतो.

जोरासाठी वेगळी ओळ वाचायची: मिलिमीटरचा आकडा किंवा हवामान विभागाचे शब्द. विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून “जोरदार”, ११५.६ पासून “अति जोरदार”, आणि २०४.५ पासून “अत्यंत जोरदार” धरतात. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग धोक्यासाठी असतात. ते टक्क्यांचं भाषांतर नाही.

तपासा: तुमच्या वहीत आता दोन वेगळे आकडे असले पाहिजेत, शक्यता आणि जोर. एकच असेल, तर परत जा.

## पायरी ३: तो आकडा तुमच्या गच्चीचा आहे का, बघा

वर सांगितलेलं गणित नकाशाचे चौकोन पाडून करतात. सगळ्या जगासाठीच्या गणितात, म्हणजे जागतिक मॉडेलमध्ये, एक चौकोन साधारण ९ ते २५ किलोमीटरचा असतो. एका चौकोनात येऊरचा डोंगर, घोडबंदर रोड आणि खाडी असं सगळं बसतं. डोंगराकडे कोसळतो आणि स्टेशनला ऊन असतं, हे ठाणेकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला फक्त ७३.

एका जागेचा ७० टक्के दोन प्रकारांनी तयार होऊ शकतो. पहिला प्रकार: पाऊस येणार हे नक्की, पण तो सुटा-सुटा, भागातल्या साधारण सत्तर टक्के जागांवर पडेल. दुसरा प्रकार: पाऊस आला तर सगळीकडे येईल, पण येण्याचीच शक्यता सत्तर टक्के. तुमची गच्ची एका जागी उभी आहे, तेव्हा तिच्यापुरते दोन्ही सारखेच.

पण तुम्ही फिरणार असाल, तर फरक पडतो. पनवेलहून ठाण्याला टेम्पोत उघडं सामान न्यायचं असेल, तर पहिल्या प्रकारच्या दिवशी वाटेत कुठे ना कुठे सर गाठणारच. तिथे ७० नव्हे, त्याहून बरंच जास्त धरा.

प्रकार ओळखायचा कसा? हवामान विभागाच्या जिल्हानिहाय पत्रकातले शब्द बघा. “तुरळक ठिकाणी” म्हणजे भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस, “काही ठिकाणी” म्हणजे २६ ते ५० टक्के. हे शब्द असतील, तर पाऊस सुटा आहे.

खबरदारी: पत्रकातलं “काही ठिकाणी” आणि अ‍ॅपवरचा टक्का एकमेकांच्या जागी वापरू नका. पहिला पसारा सांगतो, दुसरा तुमच्या जागेची शक्यता.

## पायरी ४: महिना कोणता आहे ते आठवा

ही पायरी छोटी आहे, पण जवळजवळ सगळे ती गाळतात.

जुलैत आपल्याकडे महिन्यातले साधारण तीन चतुर्थांश दिवस पावसाचे असतात. म्हणजे काहीही न बघता “उद्या पाऊस” म्हणालात, तरी शंभरातल्या पंचाहत्तर वेळा बरोबर याल. अशा महिन्यात अ‍ॅपने दिवसभरासाठी ७० टक्के दाखवलं, तर त्याचा अर्थ “नेहमीसारखाच दिवस”. ऑक्टोबरात चित्र उलटं असतं. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, आणि त्या महिन्यात पावसाचे दिवस मोजकेच. तिथे ७० टक्के ही मोठी बातमी असते. वातावरणात काहीतरी ठोस दिसल्याशिवाय आकडा इतका वर चढत नाही.

## पायरी ५: दिवसाचा आकडा तुमच्या तासांवर आणा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, तेव्हा सावकाश जाऊ.

समजा, आदल्या दिवशी सकाळी अ‍ॅप सांगतं: उद्या दिवसभरासाठी ७० टक्के. कमिटीतले एक काका म्हणतात, “चोवीस तासांचे सत्तर, आपले चारच तास. सहाने भागा. बारा टक्के. मांडव कशाला?” हा हिशोब चूक आहे, कारण त्यात पाऊस दिवसभर सारखा वाटलेला आहे असं धरलंय. ऑक्टोबरातला पाऊस तसा नसतो. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उभे राहतात, आणि सर येते ती बहुधा दुपार उलटल्यावर ते रात्रीपर्यंत. तुमचे चार तास नेमके त्याच्या शेपटाला लागून आहेत. जुलैत वेळेचा असा भरवसा नसतो, पहाटेही तितकाच कोसळतो.

म्हणून भागाकार सोडा आणि तासागणिक आकडे उघडा. समजा ते असे आहेत: आठ वाजता ४०, नऊला ३०, दहाला ३०, अकराला २० टक्के.

आता दुसरी चूक टाळायची. या चौघांची सरासरी ३० येते, आणि बरेच लोक तीच घेतात. पण नुसत्या आठ ते नऊ या तासातच शक्यता ४० आहे. आठ ते बारा या चार तासांत तो तास आहेच. मग चार तासांची शक्यता ४० पेक्षा कमी होणार कशी? सगळ्यात मोठा तासाचा आकडा हा तुमचा तळ. त्याच्या खाली जाऊ नका.

वरची कड काढायला उलट बाजूने जा. आठला पाऊस न येण्याची शक्यता ६० टक्के, नऊला ७०, दहाला ७०, अकराला ८०. प्रत्येक तासाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नसतं, तर चारही तास कोरडे जाण्याची शक्यता अशी निघाली असती:

०.६ × ०.७ × ०.७ × ०.८ = ०.२३५

म्हणजे कुठल्यातरी तासात पाऊस येण्याची शक्यता ७६ टक्के. पण तासांचं एकमेकांशी देणंघेणं असतं. आठला ढग उभा असेल, तर नऊलाही तो असण्याचा संभव वाढतो. आठला हवा कोरडी पडली, तर पुढचे तासही कोरडे जायला लागतात. म्हणून खरं उत्तर ४० आणि ७६ च्या मध्ये कुठेतरी असतं. अ‍ॅप नेमकं सांगत नाही, तेव्हा मधला आकडा घ्या. इथे ५५ ते ६० च्या दरम्यान येतो, आपण ५५ धरू.

जुलैत दिवसभर एकाच पट्ट्यातून पाऊस लागून राहिला असेल, तर तास एकमेकांना घट्ट बांधलेले असतात आणि उत्तर तळाकडे झुकतं. सुट्या सरींच्या दिवशी ते वर झुकतं.

तपासा: तुमचं उत्तर सगळ्यात मोठ्या तासाच्या आकड्यापेक्षा कमी आलंय का? आलं असेल, तर कुठेतरी सरासरी किंवा भागाकार शिरलाय.

## पायरी ६: टक्क्यासमोर पैसे मांडा

“५५ टक्के म्हणजे पडणार की नाही?” हा प्रश्न इथे सोडून द्या, त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. प्रश्न असा करा: मांडवाचा खर्च किती, आणि मांडव नसताना पाऊस आला तर नुकसान किती?

समजा, पूर्ण गच्चीचा मांडव ६,००० रुपये. पाऊस आला तर नुकसान २०,००० रुपये: त्यातले १२,००० साउंडचं आणि खाण्याचं, बाकी ८,००० सजावट, सतरंज्या आणि भाड्याच्या खुर्च्यांचं.

खर्चाला नुकसानीने भागा: ६,००० भागिले २०,००० म्हणजे ३० टक्के. हा तुमचा उंबरठा. शक्यता याच्या वर असेल, तर मांडव घालणं परवडतं. खाली असेल, तर दीर्घकाळात न घालणंच स्वस्त पडतं. इथे शक्यता ५५ आहे. असा प्रसंग शंभर वेळा आला, तर मांडवाशिवाय दर वेळी सरासरी ११,००० रुपये जातील आणि मांडवासह ६,०००. मांडव घाला.

पण मधला पर्यायही मोजून बघा, तो बहुतेक वेळा विसरला जातो. फक्त साउंड आणि खाण्याच्या टेबलांवर ताडपत्री घालायला २,५०० रुपये लागत असतील, तर १२,००० चं नुकसान वाचतं. त्याचा उंबरठा २१ टक्के. उरलेल्या गच्चीसाठी आणखी ३,५०० रुपये घालून ८,००० वाचतात, त्याचा उंबरठा ४४ टक्के. म्हणजे शक्यता २१ च्या खाली असेल तर काहीच नको, २१ ते ४४ मध्ये असेल तर अर्धीच ताडपत्री, आणि ४४ च्या वर पूर्ण मांडव. आपला आकडा ५५, तेव्हा पूर्ण. पण अंदाज ३५ असता, तर पूर्ण मांडव हा जास्तीचा खर्च ठरला असता.

याच कारणाने एकाच आकड्यावर दोन शेजारी वेगळे निर्णय घेतात आणि दोघंही शहाणे असतात. छत्री पिशवीत टाकायला काही पडत नाही, तर २० टक्क्यांनाही टाकावी. पण ५० टक्क्यांवर लाखाचा हॉल बुक करायचा की नाही, याला वेगळा हिशोब लागतो.

खबरदारी: विजेचा हिशोब रुपयांत करू नका. ऑक्टोबरातल्या ढगांबरोबर वीज आणि सोसाट्याचा वारा येतो. गच्चीवर उंच बांबूंचा मांडव हे त्या वेळी लपण्याचं ठिकाण नव्हे. गडगडाट ऐकू आला की शक्यता कितीही असो, सगळ्यांना खाली न्यायचं, लहान मुलांना आधी. मांडवाचा निर्णय घेतानाच “खाली कुठे बसायचं” हेही ठरवून ठेवा.

## पायरी ७: शेवटच्या तीन तासांत टक्का बाजूला ठेवा

निर्णय झाला, मांडव उभा राहिला. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर कालचा टक्का शिळा झालेला असतो. आता हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा इशारा आणि रडार बघा. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे रडार आहेत.

रडारचं एकच चित्र बघून काही कळत नाही. शेवटच्या तासाभराची चित्रं एकामागून एक बघा आणि रंगाचा ठिपका कुठून कुठे सरकतोय ते पाहा. परतीच्या पावसात ढग बहुधा घाटाच्या बाजूला, मुरबाड-शहापूर-कर्जतकडे तयार होतात आणि पश्चिमेकडे येतात. पावसाळ्यात ते समुद्राकडून येतात. म्हणून ऑक्टोबरात नेरूळच्या माणसाने खाडीकडे बघत बसू नये, बदलापूरकडे बघावं.

समजा, संध्याकाळी सातला बदलापूरवर लाल ठिपका आहे आणि अर्ध्या तासात तो दहा किलोमीटर तुमच्या दिशेने सरकला. नेरूळ तिथून सरळ रेषेत २५ ते ३० किलोमीटर. वेग तोच राहिला, तर साडेआठच्या आसपास पोहोचेल. पण असे सुटे ढग तासाभरात विरूनही जातात. चित्रागणिक ठिपका लहान आणि फिकट होत असेल, तर तो पोहोचण्याआधीच संपेल. मोठा होत असेल, तर दुधाची पातेली आत्ताच जिन्यात घ्या.

तपासा: सलग तीन चित्रांत दिशा तीच आहे का? नसेल, तर वेळेचा हिशोब करू नका.

## पायरी ८: अंदाज बरोबर होता का, हे एका रात्रीवरून ठरवू नका

५५ टक्के होतं आणि रात्र कोरडी गेली. अंदाज चुकला का? एका रात्रीवरून ते सांगताच येत नाही. ५५ मध्येच ४५ वेळा कोरडं जाणं धरलेलं आहे. चुकीचा ठरणारा अंदाज एकच: ० किंवा १०० सांगितलं आणि उलटं झालं.

अ‍ॅपवर विश्वास ठेवावा का, हे बघायचं असेल तर नोंदी ठेवा. प्रत्येक ओळीत तारीख, कालावधी, आदल्या दिवशी सकाळचा टक्का, आणि पाऊस पडला की नाही. “पडला” कधी म्हणायचं ते सुरुवातीलाच ठरवा. सरळ भिंतींचा स्टीलचा डबा गच्चीच्या मोकळ्या भागात ठेवा, पट्टीने मोजा, अ‍ॅपचं माप माहीत नसेल तर बूड ओलं झालं की “पडला” लिहा. वर निमुळता किंवा पसरट होणारा डबा नको, त्यात मिलिमीटर चुकीचे येतात.

मग ६५ ते ७५ टक्क्यांच्या सगळ्या ओळी एकत्र करा. अशा ३० ओळी जमल्या, तर साधारण २१ वेळा पाऊस पडलेला असायला हवा. नेमके २१ येणार नाहीत. अ‍ॅप अगदी प्रामाणिक असलं तरी १६ ते २६ पर्यंत काहीही येऊ शकतं. १२ आले, तर अ‍ॅप तुमच्या भागासाठी आकडा फुगवतंय. दहा ओळींवरून काहीच म्हणू नका, तिथे ४ सुद्धा निव्वळ योगायोगाने येतो. आणि सलग दिवसांच्या नोंदी एकाच पावसाच्या झडीतल्या असतात, त्यामुळे पंधरा दिवसांत ३० ओळी भरण्यापेक्षा त्या पूर्ण मोसमावर पसरलेल्या बऱ्या.

जून ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर या दोन काळांच्या ओळी वेगळ्या पानांवर ठेवा. समुद्रावरून येणारा पाऊस आणि घाटावरून येणारी सर या दोन्हींत अ‍ॅपची चूक सारखी असेलच असं नाही, आणि एकत्र मोजलं तर एकाची चूक दुसऱ्याच्या बरोबरपणात लपून जाते.